पस्तिसाच्या खाली

केळशीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दर्शनाबाईंच्या हातात चाचणीच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा असे. वर्गात बत्तीस मुलं, बत्तीस चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकच आकडा. उद्याच्या पेपरात या मुलाला पन्नासपैकी साधारण किती पडतील, तो बाईंचा अंदाज. मुलाने चिठ्ठी वाचायची, दप्तरात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा मागे टाकायचा प्रयत्न करायचा. बक्षीस नाही, शिक्षा नाही. पण चिठ्ठी मिळाली की मुलं एरवी उघडत नसत ती वही उघडत, एवढं खरं.

अंदाज बांधायची बाईंची रीत ठरलेली होती. मागच्या वेळचा अंदाज घ्यायचा. मिळालेले गुण त्याच्यापेक्षा किती जास्त किंवा किती कमी ते बघायचं. त्या फरकाचे दहा भाग करून त्यातले तीन जुन्या अंदाजात मिळवायचे, कमी पडले असतील तर वजा करायचे. झाला नवा अंदाज.

नववीतला बाळा या चिठ्ठ्यांवर कायम उखडलेला असे.

"बाई, माझ्या चिठ्ठीवर अठरा होते. मी पंचवीस पाडले. आता तुम्ही वीस लिहिलेत. माझे पाच कुणी खाल्ले?"

"कुणी खाल्ले नाहीत. परत पंचवीस पाड, येतील हळूहळू."

"आणि मी चाचणीला आलोच नाही तर?"

"तर चिठ्ठी तशीच राहील. गैरहजर म्हणजे शून्य नव्हे. तुझ्याबद्दल मला नवीन काही कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

"म्हणजे घरी बसलो तर वीस टिकतात!"

वर्ग हसला. बाईपण हसल्या. पण बाळा पुढच्या चाचणीला हजर होता.

दर्शना मूळची सावर्ड्याजवळची. वडील चिरेखाणीत होते. पहारीने आणि टिकावाने जांभा दगड तोडायचा तो काळ. सकाळी मुकादम विचारी, आज तुझे नि जोडीदाराचे मिळून किती चिरे निघतील? वडील म्हणत, "काल चाळीस म्हटले, निघाले तीस. आज सदतीस धरा." मुकादम चिडे. काल तीस निघाले तर आज तीस का नाही? वडील म्हणत की एका दिवसात दगड बदलत नाही आणि हातही बदलत नाहीत. पण चाळीसच धरून बसलो तर तेही खोटं. पुढे दर्शना रत्नागिरीत नातेवाइकांकडे राहून संख्याशास्त्र शिकली तेव्हा हीच गोष्ट तिला पुस्तकात भेटली. तिथे तिला नाव होतं, सूत्र होतं. शेवटच्या पेपराला सगळ्यात जास्त वजन, त्याच्या आधीच्याला त्याच्या सात दशांश, त्याच्याही आधीच्याला पुन्हा सात दशांश. असं मागे मागे विरत जायचं.

दहातले तीनच का, हेही तिने मनाने ठरवलं नव्हतं. जूनमध्ये ती मागच्या वर्षाचे सगळे गुण घेऊन बसायची. एक धरून बघायची, दोन धरून, तीन, पाच, नऊपर्यंत. प्रत्येक वेळी अंदाज किती चुकला असता ते मांडायची. ज्याची सरासरी चूक सगळ्यात कमी, तो वर्षभर. चार वर्षं तीनच येत होते. एकदा ठरला की वर्ष संपेपर्यंत बदलायचा नाही, कुणासाठीच नाही. कामात अशी बाई कडक.

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तेहतिसावं नाव होतं. सानवी. तिची मुलगी.

सानवी आठवीपर्यंत आईच्याच वर्गात होती. ते दोघींनाही जड गेलं. सानवीला पैकीच्या पैकी पडले तर मुलं म्हणत, आईने दिले. म्हणून आई तिचा अर्धा गुणही दोनदा तपासायची. नववीला दर्शनाने तिला रत्नागिरीला पाठवलं, मोठ्या जावेकडे, विमलावहिनींकडे. तिथे शाळा मोठी, प्रयोगशाळा चांगली. पुढे अकरावीला जायचंच आहे तर सवय होऊ दे. बोलायला कारणं भरपूर होती. नवरा, हर्षद, बोटीवर. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. त्याने फोनवर "तुला पटेल ते कर" म्हटलं. म्हणजे ठरवलं दर्शनानेच.

घरात मग ती आणि सासरे, आप्पा. दोन माणसांचा भात पातेल्याच्या तळाशीच राहतो. दर्शना महिनाभर तिघांचाच टाकत राहिली.

रत्नागिरीच्या शाळेत दर पंधरवड्याला गणिताची पन्नास गुणांची चाचणी होई. सानवी गुण कळवी. दर्शना शेवटच्या पानावर लिही आणि नवा अंदाज काढी. त्रेचाळीसच्या आसपास. आकडा जवळपास बरोबर आला की तिला बरं वाटे. लेक शंभरावर मैल दूर आहे, पण आपल्याला अजून तिची खबर आहे, असं काहीतरी.

दिवाळीला सानवी आली. सुट्टी संपली, पिशवी भरली, आणि ओटीवर बसून राहिली.

"आई, मला परत नाही जायचं."

"काकू काही बोलल्या?"

"काकू छान आहेत. शाळापण छान आहे. मला इथे राहायचं आहे, एवढंच."

आप्पा सुपारी कातरत होते. "राहू दे गो. शाळा काय हितंपण हाय. तू काय हितं गुरं वळतंस?"

"आप्पा, तुम्ही मध्ये पडू नका."

"मधी कुठं? मी कडंला बसलंय."

दर्शनाला लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं. पण आपण एकदा ठरवून पाठवलेलं मूल रडलं म्हणून परत ठेवायचं, हे तिच्या हिशेबात बसेना. तिने गुणांचा आधार घेतला. "तिथे तुझा अभ्यास होत नाही असं दिसलं तर मी स्वतः येऊन तुला आणीन. आत्ता तुझा अंदाज त्रेचाळीस आहे. पस्तिसाच्या खाली गेला तर आणीन."

सानवीने मान वर केली. "गुण पस्तिसाच्या खाली, की अंदाज?"

"अंदाज. एका पेपरावर मी काही ठरवत नाही."

"नक्की?"

"नक्की."

सानवी उठली आणि पिशवी उचलून एसटीकडे चालू लागली. आईला वाटलं, समजूतदार आहे पोर.

पहिल्याच चाचणीला चौतीस आले. विमलावहिनींचा फोन आला, पोरीला ताप होता, तरी गेली पेपराला. दर्शनाने नऊ गुणांच्या तुटीचे तीन दशांश वजा केले. चाळीस दशांश तीन. तापातला पेपर, सोडून द्या.

दुसऱ्या चाचणीला एकतीस. आता ताप नव्हता. अंदाज आला सदतीस आणि वर अर्धा.

त्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर दर्शना रिकाम्या वर्गात वही घेऊन बसली. दहातले तीन धरले म्हणून साडेसदतीस. पाच धरले असते तर? तिने पेन्सिलीने मांडलं. त्रेचाळीसवरून साडेअडतीस. साडेअडतीसवरून चौतीस आणि पाऊण.

पस्तिसाच्या खाली.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. उद्याची पहिली एसटी धरली तर दुपारपर्यंत रत्नागिरी. परवा लेक घरी. तिची गादी उन्हात टाकायला हवी. मधल्या खोलीतल्या खिडकीचं दार लागत नाही, ते सुताराला दाखवायला हवं. एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं आणि मग तिच्या ध्यानात आलं की एखाद्या बापाने येऊन "बाई, माझ्या पोराला पाच धरा" म्हटलं असतं तर आपण त्याला दारातून परत पाठवलं असतं. मूल बदललं आहे की नाही हे बघायला तीन धरायचं आपण जूनमध्ये ठरवलं, पुरावा बघून. आज पुरावा नवा नाही. आज फक्त आपल्याला लेक हवी आहे.

तिने खोडरबर घेतला आणि पुसलं. पेन्सिल दाबून लिहिलं होतं. आकडा गेला, कागदावर वळ राहिला.

तिसरी चाचणी डिसेंबर संपता संपता झाली. सानवीचा निरोप आला, एकोणतीस.

दर्शनाने सावकाश गणित केलं. साडेआठ गुणांची तूट. तिचे तीन दशांश, अडीचच्या वर थोडं. वजा केल्यावर चौतीस पूर्णांक पंच्याण्णव. पुन्हा केलं. तेच.

या वेळी काही वाकवावं लागलं नव्हतं. ती धावतच मागच्या दारी गेली. आप्पा माडाला पाणी लावत होते.

"आप्पा, आकडा खाली गेला. सानवीला आणायची."

"पोरगी नापास झाली म्हणून हासतंस? बरी हायस ना गो?"

"नापास नाही हो. पन्नासात एकोणतीस."

"मग गादी टाकू उन्हात?"

"टाका."

आप्पा पाणी तसंच वाहतं टाकून गादी आणायला गेले.

दर्शना घरात येऊन वहीशी बसली. आणायचं ठरलं तरी पान पूर्ण करायचं. शेवटच्या रकान्यात ती प्रत्येक वेळची चूक लिहायची. अंदाज चुकतोच, त्यात काही नाही. कधी दोन जास्त, कधी तीन कमी, दोन्ही बाजूंना. सानवीच्या रकान्यात दिवाळीपर्यंत तसंच होतं. आणि आता खाली तीन चुका. नऊ कमी. नऊ आणि थोडं कमी. साडेआठ कमी. तिन्ही एकाच बाजूला, तिन्ही जवळजवळ सारख्या.

वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या सलग तीन चुका एका बाजूला गेल्या की बाई त्याचे पेपर मागून बघायची. अंदाज मागे पडतोय आणि मूल पुढे किंवा खाली निघून गेलंय, एवढं आकडा सांगतो. का, ते पेपर सांगतो. बाळाचे तिने असेच बघितले होते. लेकीचे बघायचे नाहीत असं कसं चालेल?

तिने विमलावहिनींना फोन केला. रविवारी आणायला येते, पण आधी तिन्ही पेपरांचे फोटो पाठवा.

"आता कशाला? आणायलाच येतेस ना?" वहिनी म्हणाल्या. "पोर सकाळपासून कपडे घड्या घालून बसली आहे. तिला कसं गं आधीच माहीत, तू येणार म्हणून?"

दर्शनाच्या हातातलं पेन थांबलं. "पाठवा तुम्ही," ती म्हणाली.

पहिला पेपर, तापातला. अक्षर वाकडंतिकडं, खाडाखोड, तीन उदाहरणं चुकलेली. पण प्रत्येक प्रश्नाला हात घातलेला. चौतीस गुण, सगळे घाम गाळून मिळवलेले. दर्शनाला त्या पेपराचा अभिमान वाटला.

दुसऱ्यात काही सोपी उदाहरणं कोरी होती. तिसरा पेपर तर स्वच्छ होता. पहिला प्रश्न दहा गुणांचा, एका ओळीच्या उत्तरांचा. पूर्ण कोरा. दुसऱ्यातली आठ गुणांची उदाहरणं कोरी. तिसऱ्यातलं तीन गुणांचं एक कोरं. आणि शेवटचं पाच गुणांचं, मध्यबिंदूच्या प्रमेयावरचं, वर्गात बहुतेकांनी सोडलं असेल असं, ते कारणांसकट पायरी पायरीने सोडवलेलं. पाचपैकी पाच. लिहिलं होतं एकोणतीस गुणांचं. मिळाले एकोणतीस. एक चूक नाही.

दर्शनाने कागद ओढला. अंदाज पस्तिसाच्या खाली जायला किती गुण चालले असते? उत्तर एकोणतीस आणि वर थोडं. तीस पाडले असते तर अंदाज पस्तीस आणि पाव राहिला असता. पोरीने नेमके, चालतील तेवढे जास्तीत जास्त गुण घेतले होते. गरजेपेक्षा एक गुण कमी घेणं तिच्या जिवावर आलं होतं.

आठवीत हे सूत्र तिला शिकवलं कुणी?

दर्शनाला राग आला तो सरळ. फसवलं म्हणून नव्हे. येत असलेलं काम कोरं टाकलं म्हणून. चिरेखाणीतल्या माणसाच्या नातीने. रागाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, त्याला तिने आत जागा दिली नाही. बाहेर आप्पा काठीने गादी झोडत होते. त्यांना तिने काही सांगितलं नाही.

रविवारी पहाटेची एसटी धरून, दापोलीला गाडी बदलून ती दुपारी रत्नागिरीला पोचली. सानवी दारातच होती, केस विंचरलेले, पिशवी पायाशी. आईचा चेहरा बघून तिने पिशवी उचलली नाही.

"जेवून घ्या आधी," विमलावहिनी म्हणाल्या. दोघींकडे बघून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मागच्या पडवीत दर्शनाने फोनवरचा पेपर तिच्यासमोर धरला.

"पहिला प्रश्न येत नव्हता?"

सानवीने पेपर बोटाने खाली सरकवला.

"दहा प्रश्न. एका ओळीचे. बाळाला आले असते."

"येत होता."

"आणि शेवटचा का लिहिलास? तो सोडून पहिल्यातली पाच उत्तरं लिहायची. कमी श्रमात झालं असतं."

"शेवटचा चांगला होता," सानवी म्हणाली. "सोडवला नाही तर कळणार नव्हतं, येतो की नाही."

दर्शनाने फोनवर दुसरा पेपर काढला. "मागचा एकतीसचा?"

"तोपण. तापाचा नाही. तापाचा खरा आहे."

"ते मी बघितलं."

"तूच म्हणालीस, अंदाज खाली गेला तर. मी तुझ्या सूत्रात काही बदललं नाही आई. गुण खरे आहेत. अंदाज बरोबर आहे."

"बरोबर आहे. तू पेपर कसा लिहितेस ते त्याने बरोबर सांगितलं. तुला किती येतं ते त्याला विचारून उपयोग नाही." दर्शना थांबली. मग जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं. "एकतीस आले तेव्हा मी तीनच्या जागी पाच धरून बघितले होते. पस्तिसाच्या खाली आलं होतं."

सानवीने झटकन वर बघितलं. "मग आली का नाहीस?"

"पुसलं."

"का पुसलंस?"

"तीन ठरले होते म्हणून."

सानवीचे डोळे भरले. "तुला मी हवी होते तर नुसतं म्हणायचं ना. मी पण नुसतं म्हटलं होतं, दिवाळीत. ओटीवर. तू आकडा सांगितलास."

पडवीत वाळत घातलेल्या साडीतून ऊन येत होतं. दर्शनाने लेकीला ओढून घेतलं. दोन महिन्यांत पोर खांद्याला लागली होती. हे कुठल्या रकान्यात आलं नव्हतं.

"आकडा सांगायला नको होता," ती म्हणाली. "तिथे चुकले मी. मला तू हवी आहेस. रोज हवी असतेस."

"मग चल ना."

"आज नाही."

सानवी बाजूला झाली. दर्शनाने तिचा हात सोडला नाही. "ऐक. आज नेलं तर कोरा पेपर देऊन काम होतं, एवढंच तुझ्या हाती लागेल. वर्ष अर्ध्यात टाकायचं नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली की घरी यायचं. दहावी केळशीत, माझ्या वर्गात. मुलं काय म्हणायचं ते म्हणोत. कितीही गुण पडले तरी येशील. पन्नास पडले तरी. पण तोवर एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. चुकला तर चुकू दे."

"नक्की?" सानवीने विचारलं. दिवाळीत विचारलं होतं तसं नव्हे, हळू.

"नक्की. अट नाही याला."

सानवीने बराच वेळ पडवीच्या कठड्याचा पोपडा नखाने काढला. "चार महिने," ती म्हणाली.

"चार."

"ते दोन पेपर वहीतून काढून टाकशील?"

"नाही. तू लिहिलेस, ते राहतील. पुढच्या चिठ्ठीवर पस्तीस येणार तुझ्या."

"पस्तीस!" सानवी रडता रडता हसली. "बाळापेक्षा थोडी वर."

"बाळा आता सव्वीसवर आहे. त्याने मेहनत केली आहे. त्याला हसू नकोस."

दर्शना जेवली, वहिनींना सगळं सांगितलं. वहिनींनी कपाळाला हात लावला आणि दोघींना एकाच दमात "शहाण्या आहात" म्हटलं. संध्याकाळच्या आत दापोली गाठायची म्हणून ती लगेच निघाली. सानवी स्टँडवर आली होती. गाडी निघेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती. गाडी वळली तेव्हा दर्शनाने मागे बघितलं नाही. पाहिलं असतं तर उतरली असती.

केळशीला पोचायला काळोख पडला. ओटीवर गादी गुंडाळून ठेवलेली. आप्पा तिच्या मागे बघत राहिले.

"पोर कुठाय?"

"एप्रिलमध्ये येते आप्पा."

"आकडा परत वर गेला काय?"

"नाही. आकड्याचं मी सोडून दिलं."

आप्पांना ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी गादी उचलली आणि आत नेली.

जानेवारीतल्या पहिल्या चाचणीचा निरोप शाळेत असताना आला. शेहेचाळीस. एकही कोरा नाही, असं सानवीने खाली लिहिलं होतं. दर्शनाने मधल्या सुट्टीत वही काढली. पस्तीसच्या अंदाजात अकरा गुणांच्या फरकाचे तीन दशांश मिळवले. अडतीस. त्रेचाळीसला परत पोचायला अजून तीन-चार चांगले पेपर लागतील. म्हणजे फेब्रुवारी उलटून जाईल. त्यानंतर मार्च, आणि मग परीक्षा.

तिने पुढच्या चाचणीची चिठ्ठी लिहिली, तिचा फोटो काढून रत्नागिरीला पाठवला आणि तासाला गेली.